पहिली कादंबरी लिहितेय, क्राफ्टवरचं एकच पुस्तक सांगा (चार वाचून अजून अडकलेय)

केतकी_नाशिक
नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, आज धीर करून धागा काढतेय.
मी बँकेत आहे, रात्री जेवणं आवरली की साडेनऊ ते अकरा लिहायला बसते. कादंबरी आजीवरून सुचली, तिचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं, मग उठून दुसरीकडे, मग ६७ चा भूकंप, असं सगळं. दीड वर्ष झालं आणि हातात आहेत १८,००० शब्द. त्यातली पहिली तीन प्रकरणं मी नऊ वेळा लिहिली. नऊ!
दरम्यान वाचलं काय, तर स्टीफन किंगचं ऑन रायटिंग, ॲन लॅमॉटचं बर्ड बाय बर्ड, ते सेव्ह द कॅट रायट्स अ नॉव्हेल, आणि सेल्फ-एडिटिंग फॉर फिक्शन रायटर्स. होतं असं की पुस्तक संपलं की मला माझ्या पहिल्या प्रकरणात नव्या चुका दिसतात आणि मी परत पान एकवर. चौथं प्रकरण बिचारं वाट बघतंय.
तर प्रश्न असा की पहिला खर्डा चालू असताना उपयोगी पडेल असं एकच पुस्तक कुठलं? आणि मराठीत असं काही आहे का, कारण इंग्रजीतले सल्ले मराठी वाक्याला लावताना माझी फार ओढाताण होते.

मध्या
ऑन रायटिंग वाचलंय ना, मग बास की, अजून काय पाहिजे. किंग सरळ सांगतो, रोज २००० शब्द, प्लॉट आधी ठरवायचा नाही आणि क्रियाविशेषणं दिसली की कापायची, एकही ठेवायचं नाही. मी तेवढं पाळलं, चार महिन्यांत खर्डा पूर्ण. (वाचण्यासारखा झालाय का ते विचारू नका :))

सुहास६१
ताई, आधी प्रकाशकाचं बघा. माझा अनुभव सांगतो. मी ९०० पानांची ऐतिहासिक कादंबरी लिहिली, एका प्रकाशकाने पैसे घेतले, ३०० प्रती माझ्या घरी आणून टाकल्या, आज पलंगाखाली आहेत, प्रूफं तर कुणी बघितलीच नाहीत, मुखपृष्ठावर माझं आडनाव चुकलं. करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

केतकी_नाशिक
सुहासकाका, वाईट वाटलं वाचून. पण माझी अजून १८,००० शब्दांवरच गाडी आहे, करार फार लांब. मुखपृष्ठावर आडनाव चुकलं म्हणजे कमाल आहे.

जुना_प्रूफवाला
केतकी, मी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांची हस्तलिखितं तपासत आलोय, त्यावरून सांगतो. तुमची चारही पुस्तकं चांगली आहेत, घोटाळा फक्त क्रमाचा झालाय. सेल्फ-एडिटिंग हे खर्डा पूर्ण झाल्यावर उघडायचं पुस्तक, ते तुम्ही चौथ्या प्रकरणाआधी उघडलंत. भाजी चिरायच्या आधीच मीठ बरोबर आहे का बघण्यातला प्रकार.
आणि मध्या, किंगला अर्धाच वाचलास. २००० त्याचं स्वतःचं होतं, नवीन माणसाला तो १००० सांगतो आणि वर आठवड्यात एक दिवस सुट्टीही देतो. केतकीच्या कामाचं त्यातलं दुसरंच आहे, पहिला खर्डा दार बंद करून लिहायचा, दुसरा दार उघडून. मधे निदान सहा आठवडे तो नजरेआड ठेवायचा. केतकीबाईंनी दार उघडंच ठेवलंय आणि त्या दारातून चार इंग्रजी लेखक आत येऊन बसलेत.
तरी मला एक शंका आहे. नऊ वेळा लिहूनही जर तीच तीन प्रकरणं खुपत असतील तर ती नुसती घासाघीस नसेल, मुळातलं काहीतरी ठरलेलं नसेल. एखादा उतारा टाकता का इथे? सहा-सात ओळी पुरतील.

देशीपंत
झालं सुरू. मराठी कादंबरी लिहायला अमेरिकेतल्या वर्कशॉपची पुस्तकं. तंत्राचा हा नाद आपल्याकडे नवा नाही, फडक्यांचं प्रतिभासाधन १९३१ चं आहे, त्यात कथानक कसं बांधावं, गुंतागुंत कशी करावी सगळं आहे. त्या तंत्राने लिहिलेल्या किती कादंबऱ्या आज कोण वाचतं सांगा. ६३ साली कोसला आली तेव्हा हे सगळं बाजूला पडलं. वाचायचंच असेल तर नेमाड्यांचं टीकास्वयंवर वाचा, त्यातलं कादंबरीवरचं वाचा, निदान आपल्या मातीत उभं राहून विचार केलेला आहे.

मीरा_जर्सी
देशीपंत, टीकास्वयंवर मला आवडतं, पण ते वाचून उद्या रात्री साडेनऊला काय लिहायचं ते कळत नाही ना. ते समीक्षेचं पुस्तक आहे. फॉर्स्टरचं ॲस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल पण तसंच, १९२७ ची केंब्रिजमधली व्याख्यानं, वाचायला मजा येते, वाचणाऱ्याला शहाणं करतं, लिहिणाऱ्याच्या हातात मात्र हत्यार देत नाही.
केतकी, माझं मत अर्सुला ले ग्विनच्या स्टीअरिंग द क्राफ्टला. बारीकसं पुस्तक आहे, २०१५ ची सुधारित आवृत्ती घे. वाचायला कमी आणि करायला जास्त. आम्ही इथे चार मराठी बायका दर पंधरवड्याला झूमवर त्यातला एकेक स्वाध्याय करतो, मराठीतच. एक असा आहे की १५० ते ३५० शब्दांचा प्रसंग लिहायचा, त्यात एकही विरामचिन्ह नाही, परिच्छेद नाहीत, आणि ती म्हणते विषय गडबडीचा, गोंधळाचा घ्या. मी दादरला लोकल पकडायचा प्रसंग लिहिला होता. तेव्हा कळलं की मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे पूर्णविराम नसला तरी वाक्य कुठे संपलं ते कानाला समजतं. मैत्रिणीने तोच स्वाध्याय इंग्रजीत केला तर तिचा नुसता गुंता झाला.

केतकी_नाशिक
प्रूफवालाकाका, (काका म्हटलं तर चालेल ना?) हा घ्या उतारा, दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात. हसू नका.

*११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. सुभद्रा झोपेतून दचकून जागी झाली. तिला खूप भीती वाटली. अरे देवा, ही भांडी कशी पडतायत! कोयना खोऱ्यातल्या लोकांनी जमिनीचा हादरा पूर्वी कधीच अनुभवला नव्हता. तिचे काळेभोर डोळे भीतीने विस्फारले होते.*

मध्या
चांगलंय की. "खूप" काढ.

जुना_प्रूफवाला
काका चालेल, आजोबा म्हणायलाही हरकत नाही.
उतारा बरा नाही, पण बिघाड कुठे आहे ते स्पष्ट दिसतं आणि हे चांगलं लक्षण आहे. एकेक वाक्य घ्या आणि स्वतःला विचारा, हे सांगणारा माणूस सुभद्रेपासून किती लांब उभा आहे?
पहिलं वाक्य सांगणारा पुण्यात वर्तमानपत्राच्या कचेरीत बसलाय. दुसऱ्यात तो खोलीच्या दारात आलाय. तिसऱ्यात तिच्या शेजारी बसून तिचं मन आपल्याला कळवतोय. "अरे देवा" ला तो एकदम तिच्या कातडीच्या आत. लगेच पुढच्या ओळीला उडी मारून डोंगरावर, अख्ख्या खोऱ्याचा इतिहास सांगायला. आणि शेवटी परत खोलीत, तिच्या समोर, तिचे डोळे बघत. सहा वाक्यांत वाचकाला पाच वेळा उचलून आपटलंय. आणि पहाटे चार-सव्वाचारला डिसेंबरच्या अंधारात तिच्या डोळ्यांचा काळेभोरपणा बघतंय कोण? तिचा नवरा तर झोपलाय.
जॉन गार्डनरचं द आर्ट ऑफ फिक्शन आहे, त्यात याच गोष्टीवर दोन-तीनच पानं आहेत, पण माझ्या मते सगळ्या पुस्तकाची किंमत तिथे वसूल होते. तो बर्फात बाहेर पडणाऱ्या एका माणसाबद्दल पाच वाक्यं देतो. पहिलं अगदी लांबून, साल १८५३, एक धिप्पाड माणूस दारातून बाहेर येतो, नाव पण नाही. मग नाव येतं, मग त्याची बर्फाबद्दलची नावड, मग ती नावड त्याच्याच शब्दांत, आणि पाचव्यात नुसता कॉलरमधून आत घुसणारा बर्फ. माणूस तोच, बर्फ तोच, अंतर बदलत जातं. गार्डनरचं म्हणणं, वाचक वाचताना एका स्वप्नात असतो आणि कारण नसताना हे अंतर धाडकन बदललं की तो जागा होतो.
(पुस्तकाचा सूर जरा छडी घेतलेल्या मास्तरचा आहे. गार्डनर १९८२ ला मोटारसायकलच्या अपघातात गेला, पुस्तक नंतर आलं. तो चिडका सूर सहन करून वाचा.)

केतकी_नाशिक
बाप रे. नऊ वेळा लिहिलं आणि बहुतेक वेळा मी शब्दच बदलत बसले होते. एकदा "भीती" चं "धास्ती" केलं, एकदा "दचकून" काढलं. वाचताना काहीतरी टोचायचं पण काय ते कळायचं नाही.
मग हे दुरुस्त कसं करायचं? सगळंच आतून लिहायचं का?

आशूची_आत्या
मी लेखिका वगैरे नाही, पाटणची आहे. पण "हादरा पूर्वी कधीच अनुभवला नव्हता" हे चूक आहे हो. धरणात पाणी साठायला लागलं तेव्हापासून तिकडे बारीक धक्के चालूच होते, जमिनीतून गुरगुरल्यासारखा आवाज यायचा असं आई सांगते, लोकांना सवय झाली होती. त्या पहाटे पण आईला आधी वाटलं नेहमीचंच आहे.

जुना_प्रूफवाला
आत्याबाई, तुम्ही या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य लिहिलंत. केतकी, ती "नेहमीचंच आहे" ही ओळ उचला. तुमच्या सुभद्रेला भीती वाटते हे सांगायची गरजच उरत नाही.
बसल्या बसल्या एक नमुना करून बघितला. तुमचा शब्द तुम्ही घाला, मी फक्त अंतर कसं चालतं ते दाखवतोय.

*डिसेंबर १९६७. कोयनानगरची पहाट, अजून अंधारच. सुभद्राला जाग आली ती भांड्यांच्या आवाजाने. मांजर असेल. मग फडताळच हललं. नेहमीचाच धक्का, थांबेल आता. तिने गोधडी वर ओढली. थांबला नाही. आपण धाकट्याला कुठल्या अंगाला निजवलं होतं? हात चाचपडत गेला तर अंथरुणात नुसती माती.*

सुरुवात लांबूनच आहे, साल आणि गाव वाचकाला लागतंच. पण तिथून प्रत्येक वाक्य एकेक पायरी आत येतं आणि आत आल्यावर परत डोंगरावर उडी नाही. खोऱ्याचं, किती माणसं गेली, किती घरं पडली, ते सांगायचं असेल तर परिच्छेद संपवा, एक ओळ मोकळी सोडा आणि मग खुशाल लांब जाऊन सांगा. लांब जाणं चूक नाही. सगळंच आतून लिहिलंत तर ३०० पानं वाचकाचा जीव गुदमरेल, वीस वर्षं उलटलेली दाखवायला लांबूनच बोलावं लागतं.

मीरा_जर्सी
"आपण धाकट्याला कुठल्या अंगाला निजवलं होतं" इथे अंगावर काटा आला. आणि गंमत बघा, हे इंग्रजीत करायला त्या पुस्तकांत पानंच्या पानं लागतात, काळ मागे ढकला, मी चं ती करा. आपल्याकडे "आपण" आहे!

जुना_प्रूफवाला
अगदी. मराठीत दुसऱ्याच्या मनातलं सांगताना आपण काळ बदलत नाही. "तिला वाटलं आपण चुकलो" असंच म्हणतो. त्यातलं "तिला वाटलं" खोडलं की उरतं नुसतं "आपण चुकलो" आणि निवेदक कुठे संपला, सुभद्रा कुठे सुरू झाली त्याची शिवणसुद्धा दिसत नाही. म्हणून इंग्रजी पुस्तकातला तो भाग वाचताना केतकीची ओढाताण होत असणार, ते जो उपाय सांगतात तो आपल्याला लागतच नाही.
पण यातली खाच सांगतो. एका प्रसंगात दोन बायका असल्या, सुभद्रा आणि तिची सासू, की दोघीही "ती" आणि दोघींचाही "आपण". मग वाचकाला कळत नाही कुणाच्या मनात आहोत. अशा ठिकाणी एका प्रसंगाला एकच मन हा नियम पहिल्या कादंबरीत तरी पाळावा.

देशीपंत
थांबा थांबा. अंतर एकसारखं, हळूहळू, धक्का न बसता, हा कुठला नियम? आपला कीर्तनकार काय करतो? आख्यानात द्रौपदी रडत असते आणि मधेच समोरच्या पाटलाला म्हणतो, काय पाटील, झोप लागली का? आणि परत द्रौपदी. वाचक-श्रोता जागा झाला म्हणून काही बिघडत नाही. उलट स्वप्नात ठेवायचा अट्टहास हीच युरोपीय वास्तववादाची खोड आहे. केतकीची आजी गोष्ट सांगते तेव्हा ती अशीच उड्या मारत सांगत असणार, भूकंप सांगताना मधेच सरकारने किती गुंठे दिले ते. ती खरी शैली असू शकते आणि तुम्ही ती इस्त्री करून टाकताय.

जुना_प्रूफवाला
मुद्दा मान्य आहे, अर्धा. कीर्तनकार उडी मारतो तेव्हा श्रोत्याला माहीत असतं कोण बोलतंय, तो माणूस समोर उभा आहे, त्याचा आवाज ओळखीचा आहे. केतकीच्या उताऱ्यात उड्या आहेत पण उड्या मारणारा माणूसच नाही. तुमची कोसला घ्या, तिथे पांडुरंग सांगवीकर स्वतः बोलतो, त्यामुळे तो कुठेही भटकला तरी आपण त्याच्याच बरोबर असतो. १८९० च्या सुमाराला हरिभाऊंनी पण लक्षात कोण घेतो मध्ये यमूलाच बोलायला लावलं, तिथेही तेच. तर केतकीला उड्या मारायच्याच असतील तर कोण सांगतंय ते आधी ठरवावं लागेल.

देशीपंत
तेच म्हणतोय मी, आजीलाच सांगू दे. तुम्ही गार्डनर न वाचता पण हेच सांगितलं असतं.

केतकी_नाशिक
आता मी खरंच गोंधळले. आजीने सांगायचं की निवेदकाने? मी आजीच्या आवाजात पण एकदा लिहून बघितलं होतं (चौथी आवृत्ती बहुतेक), पण मग कलेक्टर कचेरीतले प्रसंग येईनात, तिथे आजी नव्हतीच.

पटकथापटू
एवढी चर्चा झाली आणि स्ट्रक्चरबद्दल कुणी बोललंच नाही. सेव्ह द कॅट चे १५ बीट्स कार्डांवर लिहून भिंतीवर लाव, निवेदक आपोआप ठरेल. पहिल्या दहा टक्क्यांत धक्का, मध्यावर मोठं वळण, पंचाहत्तर टक्क्यांना सगळं हातातून गेलं असं वाटलं पाहिजे. आम्ही वेबसिरीजला असंच करतो.

केतकी_नाशिक
केलंय ते पण. भिंतीवर आहेत कार्डं, मुलाने दोन फाडली. त्याचं झालं काय, पंचाहत्तर टक्क्यांना "सगळं गेलं" पाहिजे म्हणून मी भूकंप तिथे टाकला. मग त्याच्या आधीची सगळी पानं भरायला नुसतं विस्थापन, आणि गाव सोडतानाचा प्रसंग आपसूक लहान झाला, कारण कार्डावर त्याला जागाच नव्हती. आजीसाठी सगळं गेलं ते गाव सोडलं त्या दिवशीच. भूकंपात तिचं भांडंकुंडं गेलं, ती म्हणते त्यात काय, परत घेतलं. शेवटी सहाव्यांदा लिहिताना भूकंप उचलून दुसऱ्या प्रकरणात आणला आणि विस्थापन मागे आठवणीत टाकलं.

मीरा_जर्सी
आजीचं हे उत्तर कादंबरीत आहे का? नसेल तर घाल.

पटकथापटू
मग कार्डाची चूक नाही, तू चुकीच्या घटनेला ते नाव दिलंस. पंचाहत्तरला दुसरं काहीतरी शोधायचं होतं. आणि सेव्ह द कॅट मूळ २००५ चं पुस्तक पटकथेचं आहे, कादंबरीचं नंतर २०१८ ला जेसिका ब्रोडीने केलं, तिने पण लवचिक ठेवलंय.

जुना_प्रूफवाला
बीट्सची कार्डं मी खर्डा संपल्यावर वापरायला सांगतो. मध्ये कुठे गाडी रुतली ते शोधायला चांगली. आधी लावली की माणूस खड्डे बुजवल्यासारखा प्रसंग भरतो. पण पटकथापटूंचा धंदा वेगळा, त्यांना उद्या सकाळी कुणाला तरी गोष्ट ऐकवायची असते, त्यांना आधीच लागणार.

पटकथापटू
मला पटलेलं नाही पण असो.

मीरा_जर्सी
केतकी, निवेदकाचं भांडण इथे सोडवू नकोस, लिहून सोडव. ले ग्विनच्या पुस्तकात दृष्टिकोनावरचा एक लांब स्वाध्याय आहे. एकच प्रसंग, २०० ते ३५० शब्द, त्यात दोघांपेक्षा जास्त माणसं काहीतरी करतायत. तो आधी एकाच्या नजरेतून, मग त्याच प्रसंगातल्या दुसऱ्याच्या, मग भिंतीवर बसलेल्या माशीसारखं, कुणाच्याच मनात न शिरता, मग तिथे हजर असलेल्या पण गोष्टीतला नसलेल्या माणसाच्या, आणि शेवटी सगळं माहीत असणाऱ्या लेखकाच्या आवाजात. पाच वेळा.
तू गाव सोडण्याचा प्रसंग घे. ट्रक लागलाय, सामान चढतंय. सुभद्रा, मग सासू, मग माशी, मग ट्रकचा ड्रायव्हर, मग तुझा तो खोऱ्याचा इतिहास सांगणारा. एका आठवड्यात होतं. नऊ वेळा तीन प्रकरणं लिहिण्यापेक्षा पाच वेळा एक पान लिही.

मध्या
पण मग परत लिहिणंच आलं की! प्रूफवाले म्हणाले दार बंद करा, पुढे जा, मागे बघू नका. आणि तुम्ही म्हणताय पाच वेळा लिहा. काय ते एक ठरवा.

जुना_प्रूफवाला
मध्याने बरोबर पकडलं. मीही वर जरा सरधोपट बोललो. शब्द, वाक्य, वर्णनं, संवाद यांच्यासाठी मागे फिरायचं नाही हे माझं कायम आहे. पण कोण सांगतंय आणि किती लांबून, हे एक असं आहे की ते ८०,००० शब्दांनंतर बदलायचं ठरवलं तर डागडुजी होत नाही, घर पाडून बांधावं लागतं. मी असं हस्तलिखित बघितलंय, ४०० पानं "तो" मध्ये लिहून मग लेखकाने "मी" केलं, फक्त सर्वनामं बदलली, आणि मग तो "मी" स्वतःच्या पाठीमागे काय चाललंय तेही सांगत होता. तर हे एवढं आधी, मीराबाई म्हणतात तसं, मूळ फायलीला हात न लावता वेगळ्या वहीत.
ते ठरलं की चौथ्या प्रकरणापासून पुढे, ठरलेल्या आवाजात. पहिली तीन जुन्या आवाजात राहिली तरी राहू देत. समासात लिहून ठेवा "आवाज बदलला, मागे करणे" आणि चालू लागा.
आणि मध्या, ते क्रियाविशेषणांचं. किंग ज्या शब्दांवर चिडलाय ते मराठीत "रागाने म्हणाली", "प्रेमाने म्हणाला", "हळुवारपणे पाहिलं" असे येतात. ते कमी करावेत हे खरं. पण "दार आपटून गेली" मधलं "आपटून" कापलंस तर प्रसंगच गेला, ती क्रिया आहे. एकही ठेवायचं नाही म्हणून मराठी वाक्यातलं प्रत्येक ऊन आणि त कापत सुटलास तर काय शिल्लक राहील?

मध्या
म्हणूनच माझा खर्डा तारेसारखा वाचला जातोय का! "तो आला. तो बसला. तो म्हणाला."

केतकी_नाशिक
:D मध्या, पाठव मला, मी वाचते.
काका, अजून एक. सेल्फ-एडिटिंग वाचून मी "वाटलं", "दिसलं", "जाणवलं" शोधत बसले होते. Ctrl+F ला "वाट" टाकलं तर रस्त्यावरच्या पण सगळ्या वाटा आल्या. ते आता करू नको ना?

जुना_प्रूफवाला
आता नको. सहा आठवड्यांनंतर करा, आणि तेव्हा "वाटलं" आणि "वाटले" दोन्ही शोधा, तुम्ही कुठेतरी दोन्ही लिहिलं असणारच. प्रत्येक ठिकाणी खोडून वाक्य मोठ्याने वाचायचं. नुसतं "फडताळ हललं" पुरत असेल तर "तिला फडताळ हललेलं जाणवलं" कशाला, वाचक आणि फडताळ यांच्यात उगाच काच. पण जिथे तिला वाटलं एक आणि निघालं भलतंच, तिथे "वाटलं" राहू द्या, तिथे त्याला काम आहे.

सुहास६१
प्रूफवाले साहेब, माझी ९०० पानं वाचाल का? मानधन देईन.

जुना_प्रूफवाला
व्यक्तिगत निरोप करा. पहिली ३० पानंच पाठवा पण.

केतकी_नाशिक
(नऊ दिवसांनी) मंडळी, स्टीअरिंग द क्राफ्ट मागवलं, यायला वेळ होता म्हणून मीराताईने सांगितलं त्यावरूनच केलं. ट्रकचा प्रसंग पाच वेळा लिहिला.
सुभद्राचा ठीक आला. सासूचा फार छान आला, मला अपेक्षाच नव्हती, ती उंबऱ्याचं लाकूड काढून घ्या म्हणून हटून बसली आणि मुलगा म्हणतो ट्रकमध्ये जागा नाही. माशीचा कोरडा झाला पण त्यातच मला पहिल्यांदा दिसलं की सामानात काय काय होतं. ड्रायव्हरचा फसला, त्याला या लोकांशी काही घेणंच नाही, किंवा मला तो जमला नाही. आणि इतिहासवाल्याचा लिहिताना मला झोप आली, मलाच.
म्हणजे सुभद्रा आणि सासू, प्रकरण आलटून पालटून, जवळून. कलेक्टर कचेरीत सुभद्राच्या नवऱ्याला जाऊ देते, तो घरी येऊन जे सांगेल आणि जे लपवेल तेवढंच. देशीपंत, सासूच्या प्रकरणांत उड्या आहेत भरपूर, तुम्हाला आवडतील.
चौथं प्रकरण सुरू केलंय. ११०० शब्द.

देशीपंत
उंबऱ्याचं लाकूड बरं आहे. दोघींपेक्षा एकटी सासूच पुरली असती असं माझं मत, पण लिहा.

पटकथापटू
उंबरा शेवटच्या प्रकरणात परत आला पाहिजे. ते बीट आहे, सांगून ठेवतो.

आशूची_आत्या
आईला तो प्रूफवाल्यांनी लिहिलेला उतारा वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली सगळं बरोबर आहे, पण आमच्यात गोधडी नाही म्हणत, वाकळ म्हणतात.

केतकी_नाशिक
वाकळ. लिहून घेतलं. आत्या, आईंना फोन केला तर चालेल का?